बारा तारखेची रात्र

घरातलं पोर परदेशी शिकायला निघालं, की शेवटच्या आठवड्यात त्या घरातला प्रत्येक माणूस व्हिसा अधिकारी होतो. ज्याने सातारा-स्वारगेट विनाथांबा एसटीच्या तिकिटापलीकडे कुठलाही प्रवासी कागद हातात धरलेला नसतो, तोही दारात चपला काढता काढता विचारतो, "ओरिजिनल घेतलीस ना सगळी?" हा प्रश्न विचारायला पासपोर्ट लागत नाही. उत्तर ऐकायला तर कुणी थांबतच नाही. "असू दे, तरी एकदा बघून घे," म्हणून माणूस आत जातो आणि चहा मागतो.

माझी भाची मनू अमेरिकेत एमएस करायला निघाली, त्या आठवड्यातल्या रविवारी रात्री मी साताऱ्यात, शाहूपुरीतल्या अक्काच्या घरी होतो. सांगलीहून येताना हळद आणि बेदाणे आणले होते. बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली होती आणि सतरंजीवर फायली होत्या. निळी फाईल, हिरवी फाईल, चेनची फाईल आणि एक जुनी पत्र्याची पेटी. दाजी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. कागदाला क्रमांक, क्रमांकाला यादी आणि यादीला पोच, असा त्यांचा चाळीस वर्षांचा रिवाज. "आज रंगीत तालीम. मंगळवारी निघायचंय, उद्याचा दिवस हातात आहे," असं त्यांनी जाहीर केलं आणि चष्मा पुसला.

पहिलाच वाद झेरॉक्सच्या सेटांवरून झाला. दाजींनी सात सेट काढून आणले होते. सातच का, तर एक विद्यापीठाला, एक बँकेला, एक घरमालकाला, एक 'कुणी मागितला तर' आणि तीन 'त्याचा हरवला तर'. दहावीपासूनची गुणपत्रकं, अभियांत्रिकीच्या आठही सत्रांची गुणपत्रकं, पदवी, कर्जमंजुरीचं पत्र, लसीकरणाची नोंद असं सगळं धरून एका सेटात साठ कागद. मनूने शांतपणे हिशेब मांडला. झेरॉक्सच्या ए-फोर कागदाचं वजन साधारण पाच ग्रॅम. साठ कागदांचा सेट तीनशे ग्रॅमचा. सात सेट म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. एका बॅगेत तेवीस किलो न्यायला मिळतात आणि तो काटा आधीच टेकलेला.

"मग बाहेर काय काढायचं?" दाजींनी विचारलं.

"कांदा-लसूण मसाला दोन किलोच आहे," मनू म्हणाली.

स्वयंपाकघरातून अक्का बाहेर आली. तिने काही न बोलता पाच सेट उचलले आणि कपाटावर ठेवले. मसाला जिथल्या तिथे राहिला. मागण्याआधीच प्रत देण्याची सवय आपल्याला सरकारी कचेऱ्यांनी लावली आहे. बाहेरदेशी बहुतेक ठिकाणी मूळ कागद पाहतात, लागलाच तर स्वतः स्कॅन करतात आणि परत देतात. दोन सेट आणि सगळ्याचे स्कॅन मेलमध्ये, एवढं पुरतं.

दुसरा विषय लॅमिनेशनचा. दहावी, बारावी आणि पदवी ही तिन्ही प्रमाणपत्रं दाजींनी हौसेने लॅमिनेट करून घेतली होती. पश्चिम महाराष्ट्रात मुलाचं कौतुक करायच्या ज्या रीती आहेत, त्यांतली ही एक. हे कौतुक नंतर महागात पडतं. परदेशासाठी प्रमाणपत्र साक्षांकित करायची वेळ येते तेव्हा शिक्का कागदावर उठवावा लागतो, प्लॅस्टिकवर तो धरत नाही. प्लॅस्टिक सोलायला जावं तर अक्षरं त्याच्याबरोबर निघून येतात. मनूला अशा साक्षांकनाची गरज नव्हती म्हणून हे निभावलं. पण दाजींचा हुरूप ओसरला नव्हता. त्यांनी फायलीतून आय-20 काढला आणि म्हणाले, "हा एवढा मोलाचा कागद असा उघडा कसा? पोवई नाक्यावर दुकान अजून चालू असंल."

मनूने तो कागद त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. आय-20 म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठाने दिलेला पात्रतेचा दाखला. पासपोर्टावर व्हिसा असला तरी हा कागद सोबत लागतोच. त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी विद्यार्थ्याने शाईने सही करायची असते. ती जागा अजून कोरी होती. लॅमिनेशन झालं असतं, तर सही प्लॅस्टिकवर करायची वेळ आली असती. सही राहिलेला आय-20 घेऊन तिकडे उतरलं तर लगेच परत पाठवतातच असं नाही. कधी कधी तिथला अधिकारी आय-515ए नावाचा कागद हातात देतो आणि तीस दिवसांत पूर्तता करायला सांगतो. म्हणजे नव्या गावात पहिला महिना अर्ज करण्यात जातो.

मनूने सही केली. तिच्या सहीखाली दाजींना आणखी एक ओळ दिसली. पालकाच्या सहीची जागा! त्यांचा चेहरा उजळला. पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून ते बारावीच्या सहलीच्या संमतिपत्रापर्यंत सगळ्या सह्या त्यांनीच केलेल्या. खिशातलं पेन त्यांनी टोपण काढून तयारही ठेवलं.

"बाबा, ती अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे."

दाजींनी पेनाचं टोपण लावलं. "बरं," म्हणाले. पुढची दहा मिनिटं ते यादीत काहीतरी लिहीत होते, पण कुठल्या कागदावर खूण केली ते कळलं नाही.

मग मनूने तिची स्वतःची तपासणी केली. सबंध रात्रीत खरी तपासणी म्हणावी अशी ही पहिलीच. तिने तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. आय-20, पासपोर्टातला व्हिसा आणि 350 डॉलर भरल्याची आय-901 ची पावती. तिन्हींवर सेविस क्रमांक असतो, N ने सुरू होणारा, त्यापुढे दहा अंक. तो तिन्ही ठिकाणी एकच हवा. काही मुलं दोन-तीन विद्यापीठांचे आय-20 मागवतात, पैसे एकाच्या क्रमांकावर भरतात आणि जातात दुसरीकडे. क्रमांक जुळवले नसले, तर हा घोळ नको त्या ठिकाणी उघडा पडतो. मनूने अंक एकेक करून मोठ्याने वाचले, मी पावतीवर बोट ठेवत गेलो. जुळले. मग आय-20 वरचा दिनांक. अभ्यासक्रम 25 ऑगस्टला सुरू. त्याआधी जास्तीत जास्त तीस दिवस देशात शिरता येतं, म्हणजे 26 जुलैच्या आत जायचं नाही. ती बारा तारखेला निघणार होती. तेही ठीक.

राहता राहिलं नाव. आपल्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं आणि आईचं नाव खाली वेगळ्या ओळीत. पासपोर्टात आडनाव एका रकान्यात, आणि मुलीचं नि वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. त्यामुळे अमेरिकेतलं विद्यापीठ तिला पत्रात तिच्या आणि दाजींच्या नावाने एकदमच हाक मारत होतं. दाजींना ते फार आवडलं होतं. विमान कंपनीने आणखी एक पाऊल पुढे टाकलेलं. तिकिटावर आडनाव, मग तिरकी रेघ, मग मनूचं नाव, त्याला चिकटून दाजींचं नाव आणि त्यालाही चिकटून MS.

गुरुजींनी ते वाचलं. गुरुजी म्हणजे दाजींचे थोरले भाऊ, रयत शिक्षण संस्थेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. "एमएस?" ते म्हणाले. "अजून पहिला वर्ग झाला नाही आणि तिकिटावर पदवी? हे खोटं लिहिलेलं चालणार नाही. विमानतळावर पकडतील."

ते 'कुमारी'सारखं संबोधन आहे, पदवी नव्हे, हे पटवायला पाच मिनिटं गेली. नावं चिकटलेली असतात कारण तिकिटाच्या यंत्रणेला मधली मोकळी जागा घेता येत नाही. पासपोर्टातली अक्षरं त्याच क्रमाने आली असली, म्हणजे झालं. गुरुजींना पटलं, पण समाधान झालं नाही. "तरी दोन वर्षांनी येतानाच्या तिकिटावर बघ," एवढंच म्हणाले.

एवढ्यात आत्याबाईंचा हात सीलबंद पाकिटापाशी पोचला होता. मनूच्या विद्यापीठाने गुणांचे उतारे सीलबंद पाकिटात मागवले होते. पाकिटाच्या झाकणावर इकडच्या विद्यापीठाचा शिक्का, अर्धा झाकणावर आणि अर्धा पाकिटावर. हे पाकीट फोडण्याचा अधिकार फक्त तिकडच्या कचेरीला. विद्यार्थ्याने स्वतः उघडलं तर आतला कागद अस्सल असूनही बाद.

"आगं, पण आत कुणा दुसरीचंच मार्क घातलं असलं तर?" आत्याबाई म्हणाल्या. "बघितल्याबिगर एवढ्या लांब न्यायचं व्हय?"

शंका अगदी रास्त होती, म्हणून तर जास्त धोक्याची. त्यावर उपाय मनूने आधीच केला होता. उतारे काढतानाच तिने एक जादा, न सीलबंद केलेली प्रत मागून घेतली होती. ती आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी सगळी सत्रं नजरेखालून घातली. तिसऱ्या सत्रात गणिताला बेचाळीस का, म्हणून विचारलं आणि पाकीट सोडलं.

मग मूळ कागद कुठे ठेवायचे, यावर सभा भरली. दाजींचं मत मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये, पत्र्याच्या पेटीसकट. "हातातली पिशवी कुणी हिसकली तर? मोठी बॅग विमानाच्या पोटात, कुलपात." मनू म्हणत होती, हातातल्या बॅगेत. काउंटरवर सामान देताना पासपोर्ट, व्हिसा आणि आय-20 बघतात. उतरल्यावर सामान ताब्यात मिळायच्या आधीच इमिग्रेशनची रांग लागते. कागद मोठ्या बॅगेत असले, तर ज्या रांगेत ते दाखवायचे त्या रांगेत ते नसणारच. पण दाजी पेटीच्या कडीवरून हात काढायला तयार नव्हते.

हा तंटा गुरुजींनी मिटवला, तो इतिहासाचा तास घेऊन. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाची नोंद झाली. आज ते प्रतापसिंह हायस्कूल आहे, आणि 2017 पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तो मुलगा 1913 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, तिथून लंडनला. "1917 साली बाबासाहेब परत यायला निघाले," गुरुजी म्हणाले, "तेव्हा ते एका बोटीने आले आणि त्यांची पुस्तकं नि हस्तलिखितं दुसऱ्या बोटीने. महायुद्ध चालू होतं. सामानाची बोट पाणबुडीने बुडवली. वर्षानुवर्षांचा अभ्यास समुद्राच्या तळाशी गेला. माणूस आणि त्याचे कागद एकाच वाहनात असावेत, हे साताऱ्याच्या माणसाला तरी सांगायला लागू नये."

दाजींनी कडी सोडली. मूळ कागद चेनच्या फायलीत गेले, फाईल मनूच्या पाठीवरच्या बॅगेत. पत्र्याच्या पेटीत त्याच रात्री चकल्या भरल्या गेल्या.

आता आजींची पाळी. पासपोर्ट देवापुढे ठेवून त्याला हळदीकुंकू लावायचं, हे त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. त्यासाठी माझी सांगलीची हळद वाटीत काढूनही ठेवली होती. पासपोर्टात फोटोच्या पानाच्या तळाशी अक्षरांच्या आणि बाणांच्या दोन ओळी असतात. त्या माणसासाठी नव्हेत, यंत्रासाठी. प्रत्येक ओळीत चव्वेचाळीस खुणा. त्यांवर डाग पडला की यंत्र वाचायला नकार देतं. मनूने आजींना हे सांगितलं. आजींनी तोड काढली, "मग झेरॉक्सला लावते. देवाला काय, चेहरा दिसला म्हणजे झालं." त्यांनी प्रतीला हळद लावली, ती जरा जास्त झाली. अक्काने साबणाच्या ओल्या फडक्याने पुसली आणि पिवळा डाग क्षणात लालभडक झाला. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते. जुन्या रीतीचं कुंकू हळदीत चुना घालून करत, ते याच गुणावर. आजींना मात्र रसायनशास्त्रात रस नव्हता. "बघा, आपोआप कुंकू उमटलं. शकुन झाला," म्हणाल्या. ती प्रत त्यांनी देव्हाऱ्यातच ठेवून घेतली. मनूचा एक सेट साठाचा एकोणसाठ झाला.

साडेदहा वाजले. दाजींनी यादीवर शेवटची खूण केली आणि सगळं बिनचूक असल्याचं जाहीर केलं. सगळे उठणार, तेवढ्यात आजींनी विचारलं, "मंगळवारी अंगारकी हाय. माझा उपास. चंद्र नऊच्या पुढं उगवतोय. म्हंजे उपास गाडीत सोडायचा का विमानतळावर?"

"विमानतळावर सोडा," दाजी म्हणाले. "दुपारी बाराला निघालो की आठपर्यंत आरामात पोचतो. विमान रात्री एक पन्नासला."

"एक पन्नास म्हंजे बुधवार उजाडायच्या आधी?"

"छे, मंगळवारी. बारा तारखेला रात्री. तिकिटावर लिहिलंय."

खोलीत कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. 'बारा तारखेला रात्री' हे आम्ही सगळे महिनाभर म्हणत होतो, स्वतः मनूसुद्धा. फक्त गुरुजी थबकले. "पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो," ते सावकाश म्हणाले. "त्या हिशेबाने मंगळवारच्या रात्रीचे पावणेदोन म्हणजे मंगळवारच. पण विमान पंचांगावर चालतं का?"

मनूने तिकीट काढलं. रात्रभरात फायलीतला प्रत्येक कागद किमान तिघांच्या हातांतून गेला होता. तिकिटावरचं नावही वाचून झालं होतं. पण तारखेची ओळ कुणी वाचली नव्हती, कारण ती सगळ्यांना पाठ होती. मंगळवार, 12 ऑगस्ट, 01:50. घड्याळाचा मंगळवार रात्री बाराला लागतो. त्यानंतर एक तास पन्नास मिनिटांनी विमान सुटणार. म्हणजे सोमवारची रात्र. म्हणजे उद्या.

दाजींनी गाडी मंगळवारी दुपारी बाराची सांगितली होती. ती गाडी शाहूपुरीच्या कोपऱ्यावर वळली असती, तेव्हा विमान जाऊन दहा तास झाले असते.

मनूने कागद घेऊन उलटा हिशेब केला. विमान 01:50. तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री 10:50. साताऱ्याहून मुंबईचा विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या आसपास. खंबाटकी, पुणं आणि पावसातला खंडाळा धरून सहा तास. कुठे गाडी अडकली तर दोन तास हाताशी. म्हणजे सोमवारी दुपारी तीनच्या आत घर सोडायला हवं. तालीम म्हणून बसलेल्या माणसांना कळलं, की प्रयोग हाच होता.

दाजींनी गाडीवाल्याला फोन लावला. तो झोपेतून उठला आणि म्हणाला, उद्या श्रावणी सोमवार, शिखर शिंगणापूरचं भाडं घेतलंय. घरात एकदम सगळे बोलायला लागले. आत्याबाई म्हणाल्या एसटीने जाऊ. गुरुजी म्हणाले रेल्वेचं वेळापत्रक बघा. आजींनी फोन मागून घेतला. "बाळा, महादेवाला कधी नेतोयस? पहाटं? मग बारापर्यंत माघारी ये. आमच्या पोरीला दोनला ने. दोन्हीकडचं पुण्य तुझंच." गाडीवाला तयार झाला. महादेव आणि अमेरिका एकाच दिवशी जमवणारा माणूस साताऱ्यातच मिळायचा.

सोमवारी अडीचला गाडी निघाली. अकरा जण जाणार होते, ते घाईत सहावर आले. त्यामुळे बॅगांना जागा झाली. आजींनी सोमवारचा उपास गाडीत सोडला. मनू वेळेत आत गेली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. तिकडे उतरल्यावर अधिकाऱ्याने काय काय बघितलं, हे विचारायला दाजी यादी घेऊनच बसले होते. पासपोर्ट आणि आय-20, एवढंच. कुठलं विद्यापीठ, काय शिकणार, खर्च कोण करणार, असे तीन प्रश्न. दोन मिनिटांत मोकळी. पदवी, गुणपत्रकं, कर्जमंजुरी, काही मागितलं नाही. दाजींनी यादीतल्या बाकीच्या रकान्यांत 'निरंक' लिहिलं.

म्हणून ते कागद न्यायचे नाहीत, असं नाही. एखाद्याला कर्जमंजुरीही दाखवायला सांगतात आणि सीलबंद पाकीट पुढे विद्यापीठात द्यावंच लागतं. पण तपासणीचा क्रम आपल्याकडे उलटा आहे. जे कधी लागणार नाही ते आपण सातदा तपासतो, आणि जे पाठ आहे ते वाचत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कुणी निघणार असेल, त्यांनी फायली पसरायच्या आधी तिकीट काढावं आणि वार, तारीख, वेळ मोठ्याने वाचावी. वेळ रात्री बारा ते पहाटे पाचच्या मधली असेल तर आदल्या दिवसाचं पान उघडून त्यावर 'आज निघायचं' असं लिहावं. आणि गाडीवाल्याला विमानाची वेळ कधीच सांगू नये. घरातून निघायचा वार आणि वेळ सांगावी.